सात दिवसांची हरकत

दूध आणायला निघालेल्या माणसाच्या आधी नजरेत येतो तो आकडा. वडाच्या खोडावर पांढऱ्या रंगाने, छातीच्या उंचीवर, कुणीतरी घाईघाईत '४' काढलेला असतो. मग त्याखालचा कागद दिसतो. प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलेला आणि चार खिळ्यांनी झाडालाच ठोकलेला. (झाडाला खिळे ठोकू नका असं सांगणारे फलक याच खात्याच्या उद्यानांत लावलेले असतात, पण तो विषय वेगळा.) कागदावर लिहिलेलं असतं, की रस्ता रुंदीकरणात अडथळा ठरणारी पुढील झाडं तोडण्याचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणाकडे आला आहे, कुणाची हरकत असल्यास ती सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. तारीख पाहावी तर कागद लागून दोन दिवस झालेले असतात.

त्यानंतरचे चार दिवस कसे जातात ते ठरलेलं आहे. कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, रडके चेहरे येतात, आणि कुणीतरी पुढाकार घेऊन पत्र लिहितं. पत्रात झाड किती प्राणवायू देतं हे असतं, पक्ष्यांची घरटी असतात, वाढतं तापमान असतं, संतवचनही असतं. खाली साठ-सत्तर सह्या. हे पत्र वेळेत पोहोचतं, त्यावर शिक्का बसतो, फायलीत जातं, आणि झाडं तुटतात.

पत्रातलं अवाक्षर खोटं नसतं. पण वृक्ष प्राधिकरणाला जो प्रश्न सोडवायचा असतो, त्याला त्या पत्राने हातच घातलेला नसतो. झाडं चांगली की वाईट, यावर प्राधिकरण निर्णय देत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न बराच अरुंद असतो आणि तो १९७५ च्या एका कायद्याने आखून दिलेला आहे.

'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम' असं त्याचं लांबलचक नाव. शहरातलं झाड कुणाच्याही मालकीचं असो, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही, हा त्याचा गाभा. महापालिकेच्याच पथ विभागाला रस्त्यासाठी झाड तोडायचं असलं, तरी त्यालाही अर्ज करावा लागतो. अर्जासोबत झाडाचं वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण द्यावं लागतं. मग वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची स्वतः पाहणी करून अहवाल द्यायचा, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि झाडावर ठळक जागी नोटीस लावायची. हरकत आली, तर हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकून प्राधिकरणाने दोन आठवड्यांत प्रस्तावाचा फेरविचार करायचा. परवानगी दिली, तरी पुढचे पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. कायद्यात 'तोडणे' या शब्दाचा अर्थही ऐसपैस आहे. जाळणं, कापणं, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात बसतं.

आता यातली मेख. झाड मेलेलं असेल, रोगट असेल, वाऱ्याने पडलेलं असेल, जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल, किंवा रहदारीला अडथळा करत असेल, तर परवानगी नाकारायला कायदाच आडवा येतो. म्हणून रस्त्याकडेच्या झाडांच्या बहुतेक प्रस्तावांत 'धोकादायक' आणि 'वाहतुकीस अडथळा' हे दोन शब्द हटकून सापडतात. हरकतीच्या पत्राने या दोन शब्दांशीच भिडायला हवं, आणि तेही एकेका झाडापुरतं.

हे कसं करायचं ते पाहण्यासाठी एक रस्ता डोळ्यांसमोर आणू. उदाहरण जुळवलेलं आहे, पण पुण्याच्या कुठल्याही जुन्या उपनगरात शोभेल असं. रस्ता अठरा मीटरचा. मधला बारा मीटर डांबरी, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरची मातीची पट्टी. पूर्वेची पट्टी मोकळी आहे, तिथे दुचाक्या लागतात. पश्चिमेच्या पट्टीत नऊ झाडं: चार वड, एक चिंच, एक कडुलिंब, दोन रेन ट्री आणि एक वाळलेला सोनमोहर. डांबर दोन्ही बाजूंनी एकेक मीटर वाढवून साडेतीन मीटरच्या चार लेन करायच्या, असा प्रस्ताव आहे. नऊही झाडांपुढे एकच शेरा मारलेला, 'रुंदीकरणात बाधित, वाहतुकीस अडथळा.' कडुलिंबापुढे जास्तीचा शब्द, 'ढोली, धोकादायक.' आणि वडांपुढे 'अंदाजे वय ३० वर्षे'.

रस्त्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात असं धरू. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी ग्रुपवरचं प्राणवायूचं पत्र वाचलं, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शिंप्याची टेप, खडू आणि वही घेऊन खाली उतरले. सोबत कॉलेजात जाणारी पुतणी. टेप दीड मीटरची, वड सव्वाचार मीटरचा, त्यामुळे सुतळी गुंडाळून मग सुतळी मोजायची असं ठरलं.

झाडाचा घेर मोजायचीही एक रीत आहे. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण साडेचार फुटांवर, मोजायचा. ही उंची भारतात झाडं मोजणाऱ्यांनी ठरवून घेतलेली आहे, त्यामुळे दोन वेगळ्या माणसांची मापं एकमेकांशी ताडता येतात. वडाला पारंब्या खोडाला चिकटलेल्या असतात, तेव्हा दोरी त्यांच्यावरून गेली की आतून, हे लिहून ठेवायचं. चार नंबरच्या वडाचा घेर भरला ४ मीटर २० सेंटिमीटर, सगळ्या चिकटलेल्या पारंब्यांसकट. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास येतो, सुमारे १ मीटर ३४ सेंटिमीटर.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. एवढं जाड झाड म्हणजे शंभर वर्षांचं, असं पत्रात ठोकून दिलं जातं. घेरावरून वय काढणं हा फार कच्चा हिशेब आहे. याच रस्त्यावरच्या रेन ट्रीचा घेर तीन मीटरच्या वर आहे, पण रेन ट्री मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, भराभर वाढणारं झाड. ते चाळीस-पन्नास वर्षांतही असं माजतं. वडाला पारंब्या मिळून जाडी येते. पाणी मिळालं की झाड फोफावतं, मुळांवर काँक्रीट आलं की खुंटतं. अधिकाऱ्याने लिहिलेले तीस जसे डोळ्यांनी लावलेले, तसेच रहिवाशांचे शंभरही.

वय सिद्ध करायला झाडापेक्षा माणसांच्या कपाटात शोधलेलं बरं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींकडे १९६८ सालच्या लग्नाचा फोटो निघाला. वरात रस्त्यावरून चालली आहे, बॅण्डवाले आहेत, आणि मागे ओळीने वड आणि चिंच. मागच्या कंपाउंडचा दगडी खांब आजही जागेवर आहे, त्यामुळे जागेबद्दल वाद नाही. फोटोत वडाचं खोड त्या खांबापेक्षा जाड दिसतं. म्हणजे १९६८ मध्येच ती रोपं नव्हती. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख. खरं तर हे काम महापालिकेच्या वृक्षगणनेने करायला हवं. ठरावीक वर्षांनी गणना करणं ही प्राधिकरणाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि जुन्या गणनेतली नोंद मिळाली तर ती फोटोहून भक्कम. पण फोटो हाताशी होता आणि नोंद मिळायला वेळ लागणार होता.

या वयाला एवढं महत्त्व २०२१ मुळे आलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं बदल्यात लावायची असं ठरवलं. आता हिशेब करून पाहा. नोटिशीतल्या तीस वर्षांनी पाच झाडांच्या बदल्यात दीडशे झाडं होतात. फोटोवरून अगदी जपून पंचावन्न धरली, तर दोनशे पंचाहत्तर. ती लावायची कुठे, हा प्रश्न मग प्रस्ताव पाठवणाऱ्याला पडायला लागतो. शिवाय वारसा वृक्षाचा प्रस्ताव 'वय ३०' असं लिहून पुढे सरकला असेल, तर प्राधिकरणापुढे चुकीची माहिती गेली आहे, आणि फेरविचाराला एवढं कारण पुरेसं आहे.

'मग झाडं दुसरीकडे हलवू' हे उत्तर येणार, हे अण्णांना ठाऊक होतं. पुनर्रोपण हा शब्द ऐकायला गोड आहे. मोठं झाड हलवताना मुळांसकट मातीचा जो गोळा उचलायचा, त्याचा व्यास खोडाच्या व्यासाच्या दहा पट तरी असावा असा एक ढोबळ नियम आहे. चार नंबरच्या वडाला तो लावला, तर तेरा मीटरचा गोळा होतो. सगळा डांबरी रस्ता बारा मीटरचा आहे. प्रत्यक्षात गोळा लहान घेतात, मुळं छाटतात, फांद्या उडवतात आणि खांबासारखं उरलेलं खोड कुठेतरी नेऊन उभं करतात. वडाला अशाही अवस्थेत पालवी फुटू शकते, चिंचेचं मात्र कठीण. पत्रात या विषयाला दोनच ओळी मिळाल्या, पण त्या दोन ओळींत तेरा मीटर हा आकडा होता.

कडुलिंबावरचा 'ढोली, धोकादायक' हा शेरा जास्त विचार करायला लावणारा. ढोली दिसली की झाड आतून संपलं, असं आपल्याला वाटतं. पण खोडाचा मधला भाग हा मेलेला, टणक गाभा असतो. पाणी वर चढतं ते बाहेरच्या ताज्या लाकडातून आणि वाढ होते ती सालीलगतच्या पातळ थरात. गाभा कुजून नळकांडं उरलं तरी झाड जगतं आणि उभंही राहतं, कारण पोकळ नळीही बरंच वजन पेलते. प्रश्न एवढाच की नळीची भिंत किती जाड आहे. झाडं तपासणारे एक आडाखा वापरतात: चांगल्या लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल, तर ढोलीमुळेच झाड मोडेल असं मानायचं कारण नाही. कडुलिंबाचा व्यास साठ सेंटिमीटर, त्रिज्या तीस, म्हणजे भिंत दहा तरी हवी. ढोलीच्या तोंडाशी ती बारा भरली.

पण ते झालं तोंडाशी. मागच्या बाजूला काय आहे ते टेपने कळत नाही. त्यासाठी खोडात ध्वनिलहरी सोडून किंवा बारीक सुई घालून मोजणारी यंत्रं लागतात. म्हणून 'झाड सुरक्षित आहे' असं अण्णांनी लिहिलं नाही. 'धोका कोणत्या तपासणीवरून ठरवला, ते अहवालात दाखवावं. नुसत्या नजरेने ठरवला असेल तर यंत्राने तपासणी करावी' असं लिहिलं. या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिलं वाक्य लिहिणाऱ्यावर झाड पडण्याची जबाबदारी घेतं. दुसरं ती जिथे असायला हवी तिथेच ठेवतं.

खरा धोका ओळखायच्या खुणा ढोलीहून वेगळ्या असतात, आणि त्या आठ नंबरच्या रेन ट्रीत सापडल्या. बुंध्याशी बुरशीच्या कडक टोप्या आलेल्या, एका बाजूला जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग, आणि झाड रस्त्याकडे कललेलं. दोन वर्षांपूर्वी केबलसाठी चर खणला तेव्हा त्या बाजूची मुळं कापली गेली होती. बऱ्याच 'धोकादायक' झाडांची गोष्ट अशीच असते. धोका वरून येत नाही, खालून कुदळीने येतो. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते मुळांना हवापाणी मिळावं म्हणूनच. पण कारण काहीही असलं, तरी ते रेन ट्री शाळेच्या रिक्षा थांबतात तिथेच झुकलं होतं. अण्णांनी वाळलेल्या सोनमोहराबरोबर तेही हरकतीतून वगळलं. ग्रुपवर बराच आरडाओरडा झाला. 'तुम्ही कुणाच्या बाजूने?' असंही विचारून झालं. अण्णांचं म्हणणं एवढंच, की नऊपैकी नऊ वाचवा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. दोन सोडणाऱ्याने उरलेली सात पाहिली असतील, असं समोरच्याला वाटतं.

राहिला 'वाहतुकीस अडथळा'. इथे टेप पुन्हा कामी आली. वडांची मध्यरेषा डांबराच्या कडेपासून दीड मीटर आत आहे. खोडाची निम्मी जाडी वजा केली की डांबर आणि खोड यांच्यात सुमारे पंच्याऐंशी सेंटिमीटर उरतात. रस्ता एक मीटरने वाढवला, तर खोड सुमारे पंधरा सेंटिमीटर आडवं येतं. पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीत भरसुद्धा नाही. आणि चार व पाच नंबरच्या झाडांमध्ये त्याच रेषेत विजेचा डीपी उभा आहे. (पुण्यात डीपी म्हणजे दोन गोष्टी, विकास आराखडा आणि विजेची पेटी; या रस्त्यावर पहिलीच्या नावाने झाडं जातात आणि दुसरी तशीच उभी राहते.) कामाच्या अंदाजपत्रकात तो हलवायचा खर्च धरलेलाच नव्हता. झाड गेलं तरी त्या लेनमध्ये गाडी डीपीपाशी अडणार, हे अण्णांना कुणी सांगावं लागलं नाही. ओव्हरसियर होते ते.

विरोध करणाऱ्याने पर्यायही द्यावा, असा कायद्यात कुठे नियम नाही. पण दिलेला बरा. रहिवाशांचा पर्याय साधा होता. पश्चिमेची कड आहे तिथेच राहू द्यावी, रस्ता पूर्वेला एक मीटर वाढवावा. मग तेरा मीटर होतात, आणि चार लेन सव्वातीन मीटरच्या बसतात. इंडियन रोड्स काँग्रेसचं नेहमीचं माप साडेतीन मीटरचं आहे, त्यापेक्षा प्रत्येक लेन पंचवीस सेंटिमीटर कमी. शाळा, दवाखाना आणि दोन स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावर हे चालेल की नाही, हा निदान चर्चेचा मुद्दा होता. झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो मुद्दा कागदावरच नव्हता.

सहाव्या दिवशी तयार झालेलं पत्र दीड पानाचं होतं. त्यातला मधला भाग असा:

'प्रति, मा. वृक्ष अधिकारी, वृक्ष प्राधिकरण.

विषय: दि. … रोजीच्या जाहीर नोटिशीतील झाड क्र. १ ते ७ तोडण्यास हरकत.

महोदय, सदर नोटिशीतील झाड क्र. ८ व ९ बाबत आमची हरकत नाही. उर्वरित सात झाडांबाबत हरकत नोंदवीत आहोत. (१) झाड क्र. १, २, ४, ६ (वड) व क्र. ५ (चिंच) यांचे वय नोटिशीत ३० वर्षे दाखविले आहे. सोबत जोडलेल्या सन १९६८ च्या छायाचित्रात ही झाडे पूर्ण वाढलेली दिसतात. सबब ती ५० वर्षांहून जुनी असून वारसा वृक्ष आहेत. वयाची दुरुस्ती करून प्रस्तावाचा नव्याने विचार व्हावा. (२) झाड क्र. ३ (कडुलिंब) धोकादायक असल्याचा निष्कर्ष कोणत्या तपासणीवर आधारित आहे, ते कळवावे. (३) डांबरी कडेपासून खोडांचे अंतर सोबतच्या नकाशात दाखविले आहे. त्याच रेषेतील विद्युत डीपी हलविण्याची तरतूद नसल्याने झाडे तोडूनही लेन सलग होत नाही. (४) पर्यायी आखणी सोबत जोडली आहे. आम्हांस प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, आपल्या पाहणी अहवालाची प्रत सुनावणीपूर्वी मिळावी, व हरकतीचा निर्णय कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.'

सात नंबरच्या रेन ट्रीबद्दल वेगळा मुद्दा नव्हता, ते तिसऱ्या मुद्द्यात आलं. प्राणवायूचा उल्लेख कुठेही नव्हता. पुतणीने तो एका ओळीत घालायचा प्रयत्न केला, अण्णांनी काढला. सोबत वडाखालच्या कोपऱ्याचे चार फोटो, प्रत्येक फोटोत खोडावरचा रंगवलेला आकडा आणि जमिनीपासून टेकवलेली टेप स्पष्ट दिसेल असे.

पत्र देण्याची रीतही सांगायला हवी, कारण चांगली पत्रं इथे वाया जातात. दोन प्रती न्यायच्या. एक आवक विभागात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, म्हणजेच पोच. 'साहेबांच्या टेबलावर ठेवतो' असं सांगणाऱ्या शिपायाकडे दिलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र. मुदत सात दिवसांची, शेवटचा दिवस रविवार, शनिवारीही सुट्टी. तेव्हा शुक्रवारीच गाठलेलं बरं, आणि तेच पत्र ई-मेलनेही पाठवायचं. माहितीच्या अधिकारात फाइल मागण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. अर्ज जरूर करावा, पण उत्तराला तीस दिवस असतात आणि हरकतीला सात. म्हणून हातात जे आहे त्यावर आधी हरकत द्यायची, आणि उद्यान विभागात जाऊन अर्ज, नकाशा आणि पाहणी अहवाल दाखवा असं तोंडी मागून पाहायचं. पुष्कळदा दाखवतात. कधी कधी अहवालच नसतो, आणि तेही कळणं उपयोगाचं.

पत्रांची संख्या किती, यालाही फार अर्थ नाही. आरेच्या मेट्रो कारशेडसाठी २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं हलवायला मंजुरी दिली, तेव्हा सुमारे ८० हजार हरकती आलेल्या होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री आरेत यंत्रं लागली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडं तोडायला मनाई केली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पंधरा दिवसांची वाट पाहिली का, हा तेव्हाचा एक मोठा वाद होता. परवानगीचं पत्र सप्टेंबरच्या मध्यात निघालं आणि पंधरा दिवस २८ सप्टेंबरला संपले, असं मेट्रोचं म्हणणं होतं. म्हणजे ऐंशी हजार पत्रांच्या शेवटी उरला तो कॅलेंडरवरचा हिशेब.

झाडाची किंमत रुपयांत मांडण्याचा मार्गही असाच बेभरवशाचा निघाला आहे. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रोडवर रेल्वेवरच्या पुलांसाठी ३५६ जुनी झाडं तोडायची होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं आणि शंभरी ओलांडलेल्या झाडांची किंमत कोटीवर जाऊ शकते असं सांगितलं. देशभर बातम्या झाल्या. पण २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ती झाडं तोडायची वाट मोकळी केली. सांगली जिल्ह्यात भोसे इथल्या चारशे वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या वडाचं २०२० मध्ये वेगळं झालं. मिरज-पंढरपूर मार्गावरचा हा वड महामार्गाच्या कामात जाणार होता. लोकांच्या रेट्यानंतर मंत्र्यांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं आणि आखणी थोडी सरकवली गेली. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड आपसूक उन्मळून पडला. आखणी वाचवता येते, पण रस्त्याच्या कामात झाडाभोवतीच्या जमिनीचं काय होतं, त्याकडेही कुणी पाहायला हवं.

अण्णांच्या रस्त्याची सुनावणी महापालिकेत झाली नाही, झाडाखाली झाली. वृक्ष अधिकारी स्वतः आले, सोबत पथ विभागाचे कनिष्ठ अभियंता. फोटो पाहून अधिकाऱ्यांनी वयाचा मुद्दा लगेच मान्य केला, 'तीस आमच्या माणसाने अंदाजाने लिहिलंय' असं म्हणत. डीपीचं उत्तर अभियंत्यांकडे नव्हतं. मग त्यांनी आपला मुद्दा काढला, आणि तो खरा होता. वडाच्या मागे, खोड आणि सोसायटीची भिंत यांच्यात, सुमारे पंच्याऐंशी सेंटिमीटरच उरतात. तिथून व्हीलचेअर जात नाही, दोन माणसं समोरासमोर जाऊ शकत नाहीत. झाड राहिलं तर पादचारी रस्त्यावर उतरणार, मग अपघाताला जबाबदार कोण? ग्रुपवरच्या कुणालाही हे सुचलं नव्हतं, अण्णांनाही नाही. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग सोसायटीचे सेक्रेटरी, जे तोवर मोबाइल पाहत उभे होते, म्हणाले की चार वडांपाशी आम्ही भिंत अर्धा मीटर आत घेऊ, सभेचा ठराव करून देऊ. अधिकाऱ्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि अण्णांना म्हणाले, 'काका, ठराव याच आठवड्यात द्या. दोन आठवड्यांत मला प्राधिकरणापुढे न्यायचंय.'

ठराव चार दिवसांत झाला, तीन जणांच्या विरोधासह, कारण आत घ्यायच्या भिंतीलगत त्यांच्या गाड्या लागतात. निर्णय आला तो असा: आठ आणि नऊ तोडायला परवानगी. कडुलिंबाची यंत्राने तपासणी होईपर्यंत निर्णय पुढे ढकलला. वड आणि चिंच सुधारित आखणीसह पथ विभागाकडे परत. सात नंबरच्या रेन ट्रीला परवानगी; त्याचं खोड डांबराच्या जवळ होतं आणि त्यासाठी कुणी वेगळा मुद्दा मांडला नव्हता. अण्णांनी कॅलेंडरवर निकालाच्या तारखेपासून पंधरावा दिवस मोजून त्यावर लाल गोल केला आणि पुतणीला म्हणाले, 'सातवर आपण कमी पडलो.' सोळाव्या दिवशी सकाळी करवत आली आणि तीन झाडं गेली. उरलेल्या सहांवरचे पांढरे आकडे पुसायला अजून कुणी आलेलं नाही.